बॅक टू कॉलेज ऑफर: लॅपटॉप, हप्ता आणि वॉरंटी यांचे भाव वेगवेगळे काढून बघा

प्रश्न: "मुलीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला अॅडमिशन मिळालीय, हॉस्टेलला राहणार आहे. दुकानदार बॅक टू कॉलेज ऑफरमध्ये 45,000 ला लॅपटॉप देतोय. रायझन 5 7520U, 16 जीबी रॅम, 512 एसएसडी. नऊ-तीनच्या स्कीमवर नो कॉस्ट ईएमआय, प्रोसेसिंग फी 700 अधिक जीएसटी, तीन वर्षं वॉरंटी, बॅग आणि इयरबड्स फ्री. रोख दिले तर 2,000 कमी करतो, बाकी सगळं तेच. मुलगी म्हणते गेमिंग लॅपटॉप घ्या. मला यातलं फारसं कळत नाही. घ्यावा का?"

उत्तर:

हे मॉडेल नका घेऊ, निदान कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी तरी नको. आणि दुसरं मॉडेल घेतलंत तरी नऊ-तीनच्या स्कीमवर सही करायच्या आधी खालचं गणित एकदा कागदावर मांडून बघा. मी नाशिकला लॅपटॉपची विक्री आणि रिपेअरिंग दोन्ही बघतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर ही मशीन्स काउंटरवरून बाहेर जाताना दिसतात आणि त्यातलीच काही पुढच्या वर्षी बेंचवर उघडलेली दिसतात. दुकानात ऑफर सांगतात ती एका दमात, म्हणजे लॅपटॉप, हप्ता, वॉरंटी, बॅग सगळं मिळून 45,000, आणि त्यामुळे नक्की कशाला किती दिले ते घरी गेल्यावरही कळत नाही. म्हणून तिन्हीचे भाव वेगळे काढूया.

आधी मशीन. पोस्टरवर "रायझन 5, 7000 सिरीज, 16 जीबी" असं लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. पण प्रोसेसरच्या या सिरीजमध्ये एएमडीने जुनी आणि नवी डिझाइन्स एकाच नावाखाली विकली आहेत आणि ओळखायची खूण आहे नंबरातला तिसरा आकडा. 7520U मध्ये तिसरा आकडा 2, म्हणजे आतलं डिझाइन झेन 2, जे पहिल्यांदा 2019 मध्ये आलं. 7530U मध्ये तिसरा आकडा 3, म्हणजे झेन 3. आणि तिथे 4 असेल तर झेन 4. दोन्हीवर स्टिकर तेच, रायझन 5. पण 7520U मध्ये चार कोअर आहेत आणि 7530U मध्ये सहा. तसं 7530U पण काही अगदी ताजं डिझाइन नाही, पण कामाच्या मशीनसाठी दोघांत फरक चांगलाच जाणवतो.

इंटेलमध्ये नंबरामागचं अक्षर बघायचं. i5-1235U मध्ये दहा कोअर आहेत असं सेल्समन सांगेल, खरंच आहेत, पण त्यातले मोठे दोनच, उरलेले आठ छोटे, वीज वाचवणारे. i5-13420H मध्ये एकूण आठच, पण मोठे चार. कोड कंपाइल करताना, एम्युलेटर चालवताना ते चार मोठे कामाला येतात. बदल्यात H वाली मशीन्स बॅटरी जास्त खातात आणि फॅनचा आवाज येतो, हे लेकीला आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर तक्रार नको.

आता तिला लागणार काय. पहिल्या वर्षी सी, पायथन, थोडंफार ग्राफिक्स, सबमिशनच्या फाइल्स, पीपीटी. हे 7520U वर सुद्धा निवांत चालेल, म्हणून पहिल्या वर्षी कुणाचीच तक्रार येत नाही. खरा ताण तिसऱ्या वर्षी, तेव्हा अँड्रॉइड स्टुडिओ येतो, व्हर्च्युअल मशीन येतं, डॉकर येतं, बाजूला ब्राउझरचे पंचवीस टॅब उघडे असतात. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायचा तर 16 जीबी रॅम धरून चाला. तुमच्या ऑफरमध्ये 16 आहे ही जमेची बाजू, पण 7520U वाल्या मशीनमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणजे 16 जीबी रॅमला चारच जुने कोअर आणि चार वर्षं त्यातच काढायची. बीकॉम किंवा बीए करणाऱ्या मुलाला मी हेच मशीन 43,000 ला खुशाल घ्या म्हटलं असतं, बरं का. मशीन वाईट नाही, ते या कोर्सचं नाही.

त्याच दुकानात 7530U किंवा 13420H च्या वर्गातलं मशीन मागा, चार-पाच हजार जास्त गेले तरी चालतील, बॅग-इयरबड्स नको म्हणा आणि त्याबदल्यात भाव करा. रॅम बघताना दोन प्रकार मिळतील, एक 16 जीबी सगळी सोल्डर्ड, दुसरा 8 जीबी बोर्डवर आणि एक स्लॉट रिकामा. पूर्वी आम्ही सर्रास सांगायचो की 8 वालं घ्या, रॅम नंतर स्वस्तात टाकून देऊ. आता तसं नाही, 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भयंकर चढलेत, त्यामुळे 8 आणि 16 मधला फरक दुकानदार जितका सांगतो त्याची तुलना बाहेरच्या 8 जीबी स्टिकच्या आजच्या भावाशी करा आणि मगच ठरवा.

हे सगळं काउंटरवर दोन मिनिटांत तपासता येतं, डेमो पीसवर सुद्धा. Ctrl + Shift + Esc दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात Performance मध्ये जाऊन Memory वर क्लिक करा. खाली Form factor लिहिलेलं असतं. समोर SODIMM दिसलं तर स्टिक आहे, बदलता येते. Row of chips दिसलं तर सोल्डर्ड. सोल्डर्ड असली की कधीकधी Slots used समोर भलतेच आकडे दिसतात, त्यावरून स्लॉट आहेत असं समजू नका, स्लॉट आहे की नाही ते कंपनीच्या साइटवरच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघा. तिथेच Hardware reserved असा एक आकडा असतो, तेवढी रॅम ग्राफिक्सने वगैरे आधीच घेतलेली असते, म्हणून 8 जीबीवाल्या मशीनला पूर्ण 8 कधीच वापरायला मिळत नाही.

गेमिंग लॅपटॉपचं म्हणाल तर, लेकीला वाईट वाटेल पण सांगतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन सव्वादोन-अडीच किलोचं, त्यात विटेएवढा अडॅप्टर, आणि वर्गात चार्जिंगचा पॉइंट मिळेलच असं नाही. कॉम्प्युटरच्या पहिल्या दोन वर्षांत त्या कार्डला काही काम नाही. मेकॅनिकल किंवा सिव्हिलचं असतं, सॉलिडवर्क्स, रेव्हिट रोज चालवायचं असतं तर गोष्ट वेगळी. तिला गेम खेळायचेत तर तसं सरळ बोला घरात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण ते पैसे अभ्यासाच्या नावावर नकोत.

आता हप्ता. नऊ-तीन म्हणजे एकूण नऊ हप्ते, त्यातले तीन आजच डाउन पेमेंट म्हणून भरायचे आणि सहा पुढे. 45,000 चे नऊ भाग केले की हप्ता 5,000. म्हणजे आज तुम्ही 15,000 देणार, वर प्रोसेसिंग फी 700 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 126, असे 826. पुढे सहा महिने पाच-पाच हजार.

नो कॉस्ट म्हणतात ते इथे तपासायचं. रोखीचा भाव 43,000 आहे, हीच लॅपटॉपची खरी किंमत. त्यातले 15,000 तुम्ही आज दिले, म्हणजे खरं कर्ज 28,000 चं. परत करणार 30,000, म्हणजे 2,000 जास्त, आणि फी 826, एकूण 2,826. आता कोणी म्हणेल 28,000 वर 2,826 म्हणजे दहाच टक्के. तसं नाही. 28,000 पूर्ण सहा महिने तुमच्याकडे राहत नाहीत, दर महिन्याला एक हप्ता परत जातो, सरासरी काढली तर सहा महिने तुमच्या वापरात सव्वासोळा-साडेसोळा हजारच असतात. त्यावर सहा महिन्यांत 2,826, म्हणजे सहामाहीला सतरा टक्क्यांच्या वर, वर्षाच्या हिशेबाने 35 टक्क्यांच्या आसपास. हा आकडा ऐकून लोक माझ्याकडे बघतच राहतात, पण कॅल्क्युलेटर तुमच्याकडे पण आहे, करून बघा.

यात दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही. फायनान्स कंपनी फुकट पैसे देत नाही, तिचं व्याज कुणीतरी सोसतं, कधी ब्रँड, कधी दुकानदार, आणि तो ते रोखीच्या सवलतीतून वसूल करतो. रिझर्व्ह बँकेने तर सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न "हप्ता किती" हा विचारूच नका. पहिला प्रश्न, "आत्ता यूपीआयने सगळे दिले तर कितीला?" तो आकडा कागदावर लिहून घ्या, मगच ईएमआयचं नाव काढा. उलट्या क्रमाने विचारलंत तर रोखीचा भाव खरा कळणारच नाही.

फायनान्स कंपनीचं कर्ज घ्यायचंच असेल तर सही करायच्या आधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा सगळ्या नव्या कर्जांना ते देणं बंधनकारक आहे, त्यात APR म्हणजे सगळे चार्जेस धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं, म्हणजे मराठीत मागायला लाजू नका. आणखी एक, त्या अटी तुम्हाला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस खुल्या ठेवाव्या लागतात. तेव्हा "सर आजच शेवटचा दिवस, फाइल आत्ता टाकू" हे लॅपटॉपच्या भावाबद्दल खरं असू शकेल, मंजूर केलेल्या कर्जाच्या अटींबद्दल नाही. त्या कागदावर कार्ड प्रोटेक्शन, हेल्थ प्लॅन, इन्शुरन्स असली काही ओळ दिसली तर ती काढायला सांगा, टॅबवर ओटीपी देता देता हे प्लॅन चिकटवले जातात. मात्र एक लक्षात घ्या, दुकानदाराने रोखीला जे 2,000 सोडले असते ते त्या APR मध्ये दिसत नाहीत. ते गणित वर केलंय तसं आपलं आपणच करायचं.

क्रेडिट कार्डावरचा नो कॉस्ट ईएमआय थोडा वेगळा. तिथे बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट बिलावर आधी मिळते. समजा 45,000, नऊ महिने, दर 15 टक्के, तर व्याज 2,700 च्या आसपास बसतं, तेवढं सुरुवातीला वजा होतं. पण कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो तुमच्याच माथी, इथे साधारण 485 रुपये, स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला थोडा थोडा येतो म्हणून लक्षात येत नाही. फायनान्स कंपनीच्या साध्या कर्जावरच्या व्याजाला जीएसटी नसतो, फीला असतो. घरात कार्ड असेल आणि बँकेचा इन्स्टंट डिस्काउंट ईएमआयवरच मिळत असेल तर बऱ्याचदा हा मार्ग रोखीपेक्षाही स्वस्त पडतो, फक्त तो डिस्काउंट जीएसटी आणि फीपेक्षा मोठा आहे ना तेवढं बघा. हप्ता मात्र चुकवू नका. फायनान्सचा हप्ता बाउन्स झाला की बँक वेगळा चार्ज लावते आणि फायनान्स कंपनी वेगळा, आणि नोंद जाते तुमच्या सिबिलवर, त्यात लेकीच्या एज्युकेशन लोनसाठी तुम्हीच को-बॉरोअर असाल तर नसता ताप.

आणि एज्युकेशन लोन घेणारच असाल तर लॅपटॉपसाठी वेगळं कर्ज कशाला? कोर्सला लागणारा कॉम्प्युटर बहुतेक बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या खर्चात धरता येतो. दुकानातून कोटेशन घ्या आणि फाइल मंजूर व्हायच्या आधी मॅनेजरला द्या, कारण मंजुरीनंतर रक्कम वाढवून घेणं म्हणजे पुन्हा सगळ्या चकरा. व्याज वरच्या 35 च्या मानाने कितीतरी कमी, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. हा पर्याय दुकानात कोणी सांगणार नाही, त्याला काय पडलीय.

वॉरंटीवर जरा जास्त लिहितो, कारण हॉस्टेलला राहणाऱ्या पोरांचं खरं नुकसान इथेच होतं.

"तीन वर्षं वॉरंटी" म्हटलं की विचारा, कोणाची? बहुतेक ऑफर्समध्ये पहिलं वर्ष लॅपटॉप कंपनीचं आणि पुढची दोन वर्षं कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीच्या प्लॅनची असतात. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंपनीची वाढीव वॉरंटी असेल तर ती तुमच्या सिरियल नंबरवर चढते, कंपनीच्या साइटवर नंबर टाकला की शेवटची तारीख दिसते, आणि पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरला लेक एकटी जाऊन काम करून आणू शकते. तिसऱ्या कंपनीचा प्लॅन त्या साइटवर दिसतच नाही, तक्रार त्यांच्या नंबरवर करायची, ते म्हणतील तिथे मशीन द्यायचं, काही प्लॅनमध्ये आधी खर्च तुम्ही करायचा आणि मग क्लेम, आणि त्यात घसारा कापतात. म्हणून दुकानदाराला स्पष्ट सांगा, पुढची दोन वर्षं सिरियल नंबरवर कंपनीच्या साइटवर दिसली पाहिजेत, तरच मी तिला वॉरंटी मोजतो.

दुसरं, साध्या वॉरंटीत काय बसतं? मशीन आपणहून बिघडलं तर, म्हणजे बोर्ड गेला, एसएसडी गेली, कीबोर्ड गेला. पण हॉस्टेलमधून येणारी मशीन्स आपणहून क्वचितच बिघडतात. चहा सांडलेला असतो, बेडवरून पडलेलं असतं, कीबोर्डवर पेन किंवा इयरबडची डबी राहिली आणि वरून झाकण दाबलं म्हणून स्क्रीनला आतून चंद्रकोरीसारखी चीर गेलेली असते. हे एकही साध्या वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी अॅक्सिडेंटल डॅमेज प्रोटेक्शन नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, ते पण कंपनीचंच घ्या. ते खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच मिळतं, म्हणजे मशीन पडल्यावर घेऊ म्हणाल तर जमणार नाही. त्यात वर्षाला किती क्लेम चालतात ते वाचा, चोरी त्यात येत नाही हेही वाचा. तुमच्या जागी मी असतो तर इयरबड्स, बॅग, वायरलेस माउस सगळं सोडून दिलं असतं आणि तेवढे पैसे या कव्हरमध्ये घातले असते, निदान पहिल्या दोन वर्षांसाठी तरी.

बिजागरी, म्हणजे आपण ज्याला हिंज म्हणतो, तिची तर वेगळीच कथा. स्वस्त मशीनमध्ये हिंजचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत असतात, झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असली की ते नट हळूहळू प्लास्टिक सोडतात. सुरुवातीला फक्त कट्कन आवाज येतो, मग उघडताना एका कोपऱ्यात फट दिसते, मग एक दिवस बाहेरचं प्लास्टिक तडकतं. तडकायच्या आधी गेलात तर सर्व्हिस सेंटरला बिघाड म्हणून मांडता येतं. तडकल्यावर गेलात की जॉबशीटवर "फिजिकल डॅमेज" लिहितात आणि मग खर्च तुमचा, वाद घालून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून लेकीला सांगा, पहिला आवाज आला की मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि त्याच दिवशी कंपनीकडे तक्रार नोंदवून केस नंबर घ्यायचा. वॉरंटी संपायच्या आत नोंदवलेल्या तक्रारीला वजन असतं. झाकण मधोमध धरून उघडायचं, हे तर आहेच.

आणि बॅटरी. लॅपटॉपला तीन वर्षं वॉरंटी असली तरी बॅटरीला बहुतेक वेळा एकच वर्ष असतं, अडॅप्टरचंही बघून घ्या. त्यामुळे अकराव्या महिन्यात एकदा कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवायचं:

```
powercfg /batteryreport
```

एक एचटीएमएल फाइल तयार होते, कुठे सेव्ह झाली ते तिथेच लिहून येतं. त्यात DESIGN CAPACITY म्हणजे मूळ क्षमता आणि FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर वर्ष संपायच्या आत तक्रार टाका. हाच रिपोर्ट खरेदीच्या दिवशी पण काढा. नव्या कोऱ्या मशीनमध्ये CYCLE COUNT शून्य किंवा एक-दोन असतो, किंवा काही मॉडेलवर रिकामा. तीस-चाळीस दिसला तर तो काउंटरवर महिनोन् महिने चालवलेला डिस्प्ले पीस आहे, सीझनला असे पीस बॉक्समध्ये घालून खपवतात. डिस्प्ले पीस घ्यायला हरकत नाही, पण मग भाव तसा हवा.

सिरियल नंबरही तिथेच ताडून बघा. बॉक्सवर असतो, मशीनच्या बुडाला असतो, आणि पॉवरशेलमध्ये हे टाकलं की आतला दिसतो:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

तिन्ही जुळले पाहिजेत आणि तोच नंबर बिलावर छापलेला पाहिजे. मग दुकानातूनच मोबाइलवर कंपनीच्या साइटवर तो नंबर टाका. वॉरंटी दोन-चार महिने आधीच सुरू झालेली दिसली तर घाबरू नका, कधीकधी माल कंपनीतून निघाल्याची तारीख धरलेली असते, बिलाची कॉपी पाठवली की कंपनी ती दुरुस्त करून देते. पण हे पहिल्याच आठवड्यात करायचं, दोन वर्षांनी बिल शोधत बसायचं नाही. दुकानदाराने नुसतं "एस्टिमेट" किंवा "डिलिव्हरी चलन" दिलं तर पैसे देऊ नका, जीएसटीचं टॅक्स इन्व्हॉइसच पाहिजे. आणि बिल देऊनही नंतर कबूल केलेली वॉरंटी चढवलीच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते, तेव्हा ऑफरचं पत्रक आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवा.

कंपन्यांच्या स्वतःच्या बॅक टू कॉलेज ऑफर्स पण असतात, त्यात वाढीव वॉरंटी किंवा हे डॅमेज कव्हर अगदी नाममात्र किमतीत देतात. मेख अशी की ते आपोआप मिळत नाही. बिलाच्या तारखेपासून ठरलेल्या मुदतीत कंपनीच्या साइटवर जाऊन बिल, सिरियल नंबर आणि कधी कॉलेजचं ओळखपत्र किंवा अॅडमिशनची पावती अपलोड करायची असते. कॅप राउंडच्या गडबडीत लोक हे विसरतात आणि मुदत गेल्यावर आमच्याकडे येतात. विद्यार्थ्याचा पुरावा लागणार असेल तर बिल कोणाच्या नावावर हवं ते आधी वाचून घ्या. फायनान्सवर घेतलं तर बिल कर्जदाराच्या, म्हणजे तुमच्या नावावर निघतं आणि त्यावर फायनान्स कंपनीचं नाव येतं, अशा वेळी ऑफर बसते का ते दुकानदाराला नाही, कंपनीच्या हेल्पलाइनला विचारा. सगळे हप्ते फिटले की एनओसी घ्यायला विसरू नका.

शेवटचं काम मशीन चालू करायच्या वेळचं. दुकानातला पोरगा म्हणेल, "सर, मी सेटअप करून देतो," आणि पटकन स्वतःच्या किंवा दुकानाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगइन करून देईल, वेळ वाचवायला. करू देऊ नका. नव्या विंडोज 11 मशीनमध्ये पहिल्या लॉगइनलाच डिस्क एन्क्रिप्ट होते आणि तिची रिकव्हरी की त्या अकाउंटवर जाऊन बसते. दोन वर्षांनी बायोस अपडेट झालं किंवा वॉरंटीत बोर्ड बदलला की स्क्रीनवर ती 48 आकडी की मागते, आणि ती असते कुणाच्या तरी अकाउंटमध्ये जो पोरगा आता तिथे कामालाही नाही. मग प्रोजेक्टचा डेटा आत असतो आणि बाहेर काढायचा रस्ता नसतो, आम्ही पण काही करू शकत नाही. सोबत आलेलं ऑफिस पण त्याच अकाउंटला चिकटतं. तर लेकीचं स्वतःचं अकाउंट, तिचा स्वतःचा मोबाइल नंबर, आणि लॉगइन झाल्यावर aka.ms/myrecoverykey वर जाऊन ती की दिसतेय का बघायचं, वहीत उतरवून घ्यायची. ऑफिस ज्या मशीनसोबत येतं तिथे ते विंडोज चालू केल्यापासून 180 दिवसांत अॅक्टिव्हेट करावं लागतं, म्हणून तेही त्याच दिवशी करा, आणि ते कायमचं ऑफिस आहे की एका वर्षाचं सबस्क्रिप्शन हे बॉक्सवरच बघून घ्या, दुकानदार दोन्हीला "ऑफिस फ्री" असंच म्हणतो.

7530U किंवा 13420H वाल्याचं कोटेशन हातात आलं की रोखीचा भाव, रॅम सोल्डर्ड आहे की स्लॉट आहे, आणि डॅमेज कव्हर किती वर्षांचं, एवढं इथेच खाली टाका, बघून सांगतो.